अटकेआधीचा जामीन, अटकेनंतरचा जामीन: महाडच्या मातीतला हिशोब



अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, "आता त्याला जामीन नाही." पंधरा दिवसांनी किंवा महिनाभराने तोच आरोपी गावात मोकळा फिरताना दिसला की तेच कार्यकर्ते म्हणतात, "कायदा गेला, कोर्ट विकले." दोन्ही वाक्यांमागे एकच गैरसमज आहे. आपण जामीन हा एकच शब्द वापरतो, पण कायद्यात अटकेआधी मागायचा जामीन वेगळा आणि अटकेनंतर मागायचा जामीन वेगळा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने यातला फक्त पहिला बंद केला आहे. हा फरक समजला नाही तर आपण चुकीच्या ठिकाणी जल्लोष करतो आणि जिथे उभे राहून लढायचे तिथे गैरहजर असतो.

हा फरक समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या क्रांतिभूमीचा, महाडचा इतिहासच तो सांगतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. खटला उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा लागू होती १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता. तिच्यात अटक झालेल्या किंवा न्यायालयासमोर आणलेल्या माणसाला जामीन देण्याची तरतूद होती. "मला अटक होईल असे वाटते, म्हणून आधीच संरक्षण द्या," अशी मागणी करण्यासाठी वेगळे कलमच नव्हते.

पण त्याच वर्षी, त्याच महाडात, दिवाणी बाजूला मात्र घटना घडण्याआधीच कोर्टाचे दार वाजवण्याची सोय होती आणि ती सवर्णांनी बरोबर वापरली. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेआधी, १२ डिसेंबर १९२७ला, त्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला आणि १४ डिसेंबरला बाबासाहेबांसह प्रतिवाद्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे स्थगित ठेवावे लागले. तो मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८मध्ये उठला आणि मूळ दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. दहा वर्षांनी न्याय मिळाला, पण त्या डिसेंबरातला पेच दोन दिवसांच्या अर्जाने पडला होता. कोण कोर्टात आधी जातो आणि कोणत्या टप्प्यावर जातो, याला किती किंमत असते हे बाबासाहेबांनी महाडच्याच न्यायालयात अनुभवले.

फौजदारी कायद्यात असे "आधी जाण्याचे" दार उघडले ते १९७३ साली. कायदा आयोगाने १९६९च्या ४१व्या अहवालात शिफारस केली होती. कारण असे दिले होते की वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्यांना खोट्या गुन्ह्यात अडकवतात, काही दिवस तुरुंगात डांबून त्यांची बेइज्जती करतात, आणि अलीकडे हे वाढत चालले आहे. म्हणून नव्या संहितेत कलम ४३८ आले आणि १ एप्रिल १९७४पासून लागू झाले. यालाच आपण अटकपूर्व जामीन म्हणतो. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४८२मध्ये आहे. अटकेनंतरचा, म्हणजे नियमित जामीन पूर्वी कलम ४३७ आणि ४३९मध्ये होता, आता ४८० आणि ४८३मध्ये आहे.

आता याच महाडातला एक ताजा दिवस पाहू. त्या एका दिवसात दोन्ही जामिनांचे टप्पे स्पष्ट दिसतात.

२३ ऑगस्ट २०२१. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी महाडमध्ये पत्रकारांशी बोलताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या कानशिलात लगावण्याची भाषा केली. महाड, नाशिक, पुणे अशा वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे नोंदले गेले. त्यांतली काही कलमे अजामीनपात्र होती, म्हणजे जामीन हा हक्क नव्हता, न्यायालयाच्या विवेकावर होता. राणेंचे राजकारण आपल्याला इथे तपासायचे नाही. आपल्याला पाहायचा आहे तो अर्जांचा क्रम.

गुन्हा नोंद झाला आहे, अटक होणार हे दिसते आहे, पण पोलिसांचा हात अजून खांद्यावर पडलेला नाही. हाच अटकपूर्व जामिनाचा टप्पा. हा अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येत नाही. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयातच करावा लागतो. २४ तारखेला राणे रत्नागिरी जिल्ह्यात होते, म्हणून अर्ज रत्नागिरीच्या सत्र न्यायालयात गेला. तो फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयात तातडीने सुनावणी घ्यावी अशी विनंती झाली. रीतसर प्रक्रियेने या, असे उत्तर मिळाले. दुपारी संगमेश्वर तालुक्यात त्यांना अटक झाली.

अटक झाली त्या क्षणी महाडच्या गुन्ह्यापुरता अटकपूर्व जामिनाचा विषय संपला. सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या गुरबक्षसिंग सिब्बिया निकालातच हे सांगून ठेवले आहे. या अर्जासाठी एफआयआर झालेलाच असला पाहिजे असे नाही, पण अटकेची भीती ठोस कारणावर उभी हवी, नुसती शंका चालत नाही. आणि एकदा अटक झाली की त्या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन मागता येत नाही, नियमित जामीनच मागावा लागतो.

त्या रात्री राणेंना महाडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले. पोलिसांनी सात दिवसांची कोठडी मागितली. न्यायालयाने अटक योग्य ठरवली, पण कोठडीत ठेवून चौकशी करण्याची गरज नाही असे म्हटले आणि रात्री अकराच्या सुमारास १५ हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन दिला. ३० ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरला अलिबागला पोलिसांपुढे हजर राहण्याची आणि पुन्हा असे न करण्याची अट घातली. हा नियमित जामीन. न्यायालय बदलले, कलम बदलले आणि विचारायचा प्रश्नही बदलला. सकाळी प्रश्न होता, "याला अटकेपासून वाचवावे का?" रात्री प्रश्न होता, "अटक झाली आहे, आता याला आत ठेवण्याची गरज आहे का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आले म्हणून दुसऱ्याचे उत्तरही विरोधातच येईल असे नसते.

आणखी एक बारकावा. नाशिकच्या गुन्ह्यात अजून अटक झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले की १७ सप्टेंबरपर्यंत त्या गुन्ह्यात कठोर कारवाई करणार नाही. म्हणजे एकाच वक्तव्याबद्दल एका गुन्ह्यात माणूस नियमित जामिनावर आणि दुसऱ्यात अटकेआधीच्या संरक्षणाखाली. जामीन माणसाला मिळत नाही, गुन्ह्यागणिक मिळतो. आंदोलनानंतर आपल्या पोरांवर तीन पोलीस ठाण्यांत तीन गुन्हे दाखल झाले असतील आणि एकात जामीन झाला असेल, तर उरलेल्या दोनांचा हिशोब बाकी आहे हे विसरू नका. एका गुन्ह्यात कोठडीत असलेला माणूसही दुसऱ्या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले कलम १८ म्हणते की या कायद्याखालच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाचे कलम लागू होणार नाही. हे कलम घटनाविरोधी आहे, माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणत काही जण उच्च न्यायालयात गेले. १९९५च्या रामकृष्ण बलोठिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले ते इतिहासाच्या आधारावर. अटकपूर्व जामीन घटनेने दिलेला हक्क नाही. तो कायद्याने दिलेली सवलत आहे आणि तीही अलीकडची. शिवाय अत्याचार करणारा बाहेर मोकळा राहिला तर तो पीडितांना दहशत घालेल आणि तपास रोखेल, ही कायदे करणाऱ्यांची भीती रास्त आहे. महाडच्या १९२७च्या हल्लेखोरांना जी सवलत नव्हती, ती आजच्या हल्लेखोराला नाकारली तर त्याचा कोणता जन्मसिद्ध हक्क बुडतो?

तरी हे दार पुन्हा उघडले गेले, आणि तारीख पाहा. २० मार्च २०१८. चवदार तळ्याच्या स्मृतिदिनीच सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल आला. प्रकरण कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून सुरू झालेले. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की अटकपूर्व जामिनावर सरसकट बंदी नाही, गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, सरकारी नोकराच्या अटकेला नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची आणि इतरांच्या अटकेला वरिष्ठ पोलीस अधीक्षकाची परवानगी लागेल. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्यात माणसे मेली, हजारो तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्या रेट्यामुळे संसदेने कलम १८-अ घातले, जे २० ऑगस्ट २०१८पासून लागू आहे. प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेला परवानगी लागणार नाही, आणि कोणत्याही न्यायालयाचा निर्णय काहीही असला तरी अटकपूर्व जामीन नाही, असे त्यात लिहिले. १ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२०ला १८-अ वैध ठरवले.

पण त्याच निकालात एक फट ठेवली आहे आणि आरोपीचे वकील रोज तिथूनच आत येतात. फिर्यादीवरून प्रथमदर्शनी या कायद्याखालचा गुन्हाच होत नसेल, तर बंदी लागू होत नाही. म्हणजे कलम १८चा दरवाजा बंद राहणार की उघडणार, हे आपल्या फिर्यादीतल्या वाक्यांवर ठरते.

समजा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत पाण्याच्या टाकीवरून वाद झाला आणि आपल्या माणसाला जातीवरून शिवीगाळ करून मारहाण झाली. घाबरलेला माणूस पोलीस ठाण्यात सांगतो, "मला जातीवाचक शिवीगाळ केली व मारहाण केली." ठाणे अंमलदार तेवढेच लिहून घेतो. आरोपी माणगावला सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करतो. त्याचा वकील विचारतो, शब्द कोणते होते? घटना लोकांच्या नजरेसमोर घडली की घराच्या चार भिंतींत? तिथे कोण हजर होते? आरोपी स्वतः कोणत्या जातीचा, हे कुठे लिहिले आहे? जात लक्ष्य करून अपमान केला की हा नुसता पाण्याचा वाद होता? फिर्यादीत यातले काहीच नसेल तर न्यायाधीश म्हणू शकतात की अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा प्रथमदर्शनी दिसत नाही, म्हणून कलम १८ आड येत नाही. मग उरलेल्या मारहाणीच्या कलमांत अटकपूर्व जामीन सहज मिळतो.

हीच घटना फिर्यादीत अशी लिहिली असती तर? सकाळी अमुक वाजता, वाडीच्या सार्वजनिक टाकीजवळ, पाणी भरायला आलेल्या अमुक-अमुक लोकांसमोर, अमुक जातीच्या अमुक माणसाने, मी कोणत्या जातीचा हे माहीत असताना, हे शब्द उच्चारले आणि असे मारले. एवढे असले की न्यायालयाला अटकपूर्व जामिनाच्या टप्प्यावर साक्षीपुरावे तोलत बसण्याची मुभा नाही. २०१२मध्ये महाराष्ट्रातल्याच विलास पांडुरंग पवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. १ सप्टेंबर २०२५ला धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन रद्द करताना तेच पुन्हा बजावले. मारहाण घराबाहेर, लोकांना दिसेल अशा ठिकाणी झाली हे त्या फिर्यादीत होते आणि तेच निर्णायक ठरले.

म्हणून फिर्याद लिहिताना तिथे हजर असलेला कार्यकर्ता हा पुढे मोर्चा काढणाऱ्या शंभर जणांइतका मोलाचा आहे. खोटे एक अक्षर घालायचे नाही. पण घडलेले खरे, आठवणारे प्रत्येक तपशिलासह कागदावर यायला हवे. पुरवणी जबाबात नंतर घातलेल्या गोष्टींवर "मागाहून सुचलेले" असा शिक्का बसतो.

आता दुसरा दरवाजा. कलम १८ नियमित जामिनाला बंदी करत नाही. आरोपीला अटक झाली किंवा तो न्यायालयात शरण आला की तो विशेष न्यायालयात नियमित जामीन मागू शकतो, आणि बऱ्याच गुन्ह्यांत तो मिळतो. यात कायदा विकला गेलेला नसतो. फक्त आता प्रश्न "अटक व्हावी का" हा नसून "आत ठेवावे का" हा असतो. तो पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पीडित कुटुंब त्याच गावात त्याच्याच शेजारी राहते का, यावर निर्णय होतो. ही माहिती न्यायालयाला कोण देणार? कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची वेळेवर आणि नेमकी सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे, आणि आपले म्हणणे मांडण्याचाही. अशी सूचना न देता दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रद्द केला आहे. पीडितांना मात्र बहुतेक वेळा जामीन झाल्यावर कळते. तेव्हा अटकेच्या दुसऱ्याच दिवसापासून सरकारी वकिलांच्या संपर्कात राहा, सूचना मिळाली नसेल तर लेखी कळवा, धमकी आली असेल तर तारीखवार तक्रार करून तिची प्रत जोडा. विशेष न्यायालयाने जामीन दिला तर कलम १४-अ खाली उच्च न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे.

इथे एक अवघड प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. अटकपूर्व जामीन बंद करणारे कलम नेहमी आपल्याच बाजूने उभे असते का? नाही. महाडच्या सत्याग्रहाचा सविस्तर इतिहास लिहिणारे आनंद तेलतुंबडे यांच्यावर भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीए लावला गेला. त्या कायद्यातही अटकपूर्व जामिनाला बंदी आहे. पुण्याच्या न्यायालयाने त्यांचा अर्ज १ फेब्रुवारी २०१९ला फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्यांना मुंबई विमानतळावर अटक केली. सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या संरक्षणाची मुदत संपली नव्हती, म्हणून पुण्याच्याच न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवून त्यांना सोडले. पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही अटकपूर्व जामीन नाकारला, आणि १४ एप्रिल २०२०ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, ते शरण गेले. नियमित जामीन उच्च न्यायालयाने दिला तो १८ नोव्हेंबर २०२२ला. याच रायगड जिल्ह्यातल्या तळोजा कारागृहातून ते २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, बाहेर आले. महाडला राणेंचा पहिल्या दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंतचा प्रवास एका दिवसाचा होता. महाडच्या इतिहासकाराला त्याच दोन दरवाजांमध्ये अडीच वर्षे काढावी लागली.

मग अ‍ॅट्रॉसिटीतली बंदीही चूक का? माझे उत्तर नाही असे आहे. कारण दोन्ही कायद्यांत पहिला दरवाजा बंद असला तरी दुसरा सारखा नाही. यूएपीएमध्ये, आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की नियमित जामीनही न्यायालयाने देऊ नये, अशी अट आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तशी अट नाही. आपला कायदा आरोपीला वर्षानुवर्षे सडवण्यासाठी नाही. अत्याचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा पीडित सर्वांत एकटा असतो आणि गाव त्याच्यावर समझोत्यासाठी दबाव टाकत असते, तेव्हा आरोपीच्या हाती कोर्टाचे संरक्षणपत्र असू नये एवढीच त्याची मागणी आहे. हा फरक आपल्याला मांडता आला तर "हा कायदा जुलमी आहे" म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

१९२७च्या डिसेंबरात विरोधक कोर्टात आपल्याआधी पोहोचले होते. आज पोलादपूरच्या वाडीत फिर्याद लिहिली जात असते तेव्हा आरोपीचा माणूस माणगावच्या वकिलाला फोन लावत असतो. फिर्यादीच्या कागदाशेजारी आपण बसलेलो असलो, तर पहिला दरवाजा बंद राहतो. नियमित जामिनाच्या तारखेला आपण हजर असलो, तर दुसरा दरवाजा तरी आपले म्हणणे ऐकल्याशिवाय उघडत नाही.

जय भीम.